फणाची प्लेट घरी बनवायची की बाहेरून आणायची? लहान फॅब्रिकेशन दुकानाचा हिशेब

नऊ फणी कल्टिव्हेटरमध्ये एकेक फण दोन प्लेटांच्या मध्ये धरलेला असतो. फण नऊ, म्हणजे प्लेटा अठरा. आमच्या दुकानातली ही प्लेट १५० एमएम लांब, ७५ एमएम रुंद आणि १० एमएम जाड. तिला १६ एमएमच्या बोल्टसाठी १७ एमएमचे दोन होल. यात कारागिरीचं काही विशेष नाही, कोणताही हेल्पर बनवेल. तरी ही प्लेट घरी बनवावी की बाहेरून तयार आणावी, हे नीट कळायला मला तीन हंगाम लागले. त्या तीन हंगामांत जे पैसे गेले ते नवीन दुकान टाकणाऱ्याचे जाऊ नयेत म्हणून हा हिशेब जसा आम्ही करतो तसा मांडतो.

दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आहे. टिनाचं शेड, एक वेल्डर, एक हेल्पर आणि मी. वर्षाला तीसेक कल्टिव्हेटर होतात, बाकीचा वेळ गेट, ग्रिल आणि ट्रॉलीच्या दुरुस्तीत जातो. तीस कल्टिव्हेटर म्हणजे ५४० प्लेटा. पुढचे सगळे आकडे या ५४० नगांचे आहेत. भाव आमचे आहेत. तुम्ही तुमच्या व्यापाऱ्याचा भाव टाका, पद्धत तीच राहील.

पायरी १: भाव विचारण्याआधी वस्तूच बदलता येते का ते पाहा

आमची पहिली प्लेट एका बाजूने गोल होती. दुसऱ्याच्या कल्टिव्हेटरवर तशी पाहिली होती म्हणून आम्हीही तशीच काढली. गोलाई आली की १० एमएमची चादर गॅस कटरने कापणं आलं, मग कोर ग्राइंडरने घासणं आलं. एका प्लेटला पंधरा मिनिटं सहज जायची. बाहेर विचारलं तर लेझरवाला मात्र गोल असो की चौकोनी, जवळपास तोच भाव सांगे. त्यामुळे वाटलं, ही वस्तू बाहेरूनच घ्यावी.

मग एक दिवस वेल्डरनेच विचारलं, "भाऊ, हे गोल काहून पायजे? फण तं बोल्टवर राह्यते." बरोबर होतं. गोलाईला काही काम नव्हतं. आम्ही ७५ बाय १० ची पट्टी घेतली, १५० एमएमवर सरळ कापली आणि टोकदार कोपरे ग्राइंडरने थोडे मोडले. चादर गेली, गॅस गेला, घासाई गेली. घरी बनवण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला आणि सगळा हिशेबच बदलला.

म्हणून आधी चित्र घेऊन बसा आणि एकेका गोष्टीला विचारा की ही कशासाठी आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या पट्टीच्या, अँगलच्या किंवा पाइपच्या मापात वस्तू बसवता येत असेल तर बसवा. अवघड चित्राचा भाव दोन्हीकडे काढत बसलात तर दोन चुकीच्या उत्तरांतलं स्वस्त उत्तर हाती येतं.

पायरी २: वीस नग बनवून घड्याळ लावा

एका प्लेटला किती वेळ लागतो, असं हेल्परला विचारलं तर तो म्हणाला, "तीन मिनिट." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त ड्रिल खाली जाऊन वर येण्याचा वेळ होता. पट्टी उचलून मशीनवर ठेवणं, खूण करणं, सेंटर पंच मारणं, आधी बारीक होल आणि मग १७ चा होल, बिट गरम झाला की थांबणं, प्लेट उलटून होलाची कोर काढणं, हे त्याच्या तीन मिनिटांत नव्हतं.

मी मोबाइलचं घड्याळ लावून सलग वीस प्लेटा करून घेतल्या. कापायला दीड मिनिट, दोन होलांना साडेचार, कोर काढून बाजूला रचायला एक. एकूण सात मिनिटं. वीस नग घ्यायचे कारण पहिले पाच नेहमी भरभर होतात. त्यानंतर बिटची धार जाते, हात दुखतो, कोणीतरी गेटचा भाव विचारायला येतं. खरा वेळ दहाव्या प्लेटनंतर दिसतो. ड्रिलमधून लांब वळ्यांऐवजी भुगा पडायला लागला आणि जोर जास्त लावावा लागला, की समजा बिटला धार लावायची वेळ झाली. तोही वेळ मोजा.

५४० प्लेटा गुणिले सात मिनिटं म्हणजे ६३ तास. कामाचा दिवस आठ तासांचा असला तरी आमच्याकडे हातात खरे साडेसहा तास पडतात, कारण लाईट जाते, माल उतरवावा लागतो, गिऱ्हाईक येतं. म्हणजे एका माणसाचे जवळपास दहा दिवस.

पायरी ३: घरचा खर्च कागदावर

सहा मीटरच्या ७५ बाय १० पट्टीचं वजन ३५.३ किलो भरतं. वजन स्वतः काढायला शिका, व्यापाऱ्याच्या काट्यावर नजर राहते. लांबी, रुंदी आणि जाडी एमएममध्ये गुणायची, ७.८५ ने गुणायचं आणि दहा लाखांनी भागायचं, किलो मिळतात. कापताना चाक तीनेक एमएम खातं, म्हणून १५० ची प्लेट पट्टीतून १५३ घेते. एका पट्टीत ३९ प्लेटा. हिशेबाने चौदा पट्ट्यांत ५४६ निघतात, पण काही बिघडतातच, म्हणून पंधरा धरा. उरलेल्या प्लेटा पुढे स्पेअर म्हणून विकल्या जातात.

पंधरा पट्ट्या म्हणजे ५३० किलो. ६० रुपये किलोने ३१,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३७,५०० च्या आसपास. एका प्लेटला ७० रुपये पडले. हेल्परचा रोज ६००, दहा दिवसांचे ६,०००, म्हणजे प्लेटला ११. कटिंगचं चाक, ड्रिल बिट, लाईट मिळून ५. एकूण ८६ रुपये.

जीएसटीचं इथेच सांगून टाकतो, कारण नवीन माणूस इथे हमखास चुकतो. माल विकणाऱ्या दुकानाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी घेतलेली नसेल, तर दिलेला जीएसटी परत मिळत नाही. तो सरळ खर्चच आहे, म्हणून मी तो धरला आहे. नोंदणी असेल तर लोखंडावरचा आणि बाहेरून घेतलेल्या प्लेटवरचा, दोन्ही कर वजावटीत जातात, मग दोन्ही बाजूंनी करासकट भाव धरू नका. मात्र ट्रॅक्टरच्या अवजारांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे आणि लोखंडावर १८ आहे. वजावट साचत जाते आणि तेवढी रोकड अडकून राहते. नोंदणीवाल्यांनी याबद्दल आपल्या सीएशी एकदा बसून बोलावं.

पायरी ४: बाहेरचा भाव दुकानाच्या दारापर्यंत काढा

नागपूरकडे हिंगणा आणि बुटीबोरी, इकडे अमरावतीची एमआयडीसी, अशा ठिकाणी लेझर कटिंगवाले आहेत. आम्हाला मालासकट ८२ रुपये नग असा भाव मिळाला. होल लेझरनेच पाडलेले, म्हणजे ड्रिलचं काम नाही. ८२ वर १८ टक्के कर म्हणजे ९७. साडेचारशे किलोच्या वरचा माल एसटीच्या पार्सलने येत नाही, ट्रान्सपोर्टचा टेम्पो लागतो. त्याचे प्लेटमागे २ रुपये. दारात ९९ रुपयांना पडली.

८६ विरुद्ध ९९. प्लेटमागे १३ रुपये, ५४० प्लेटांना सात हजार. पहिल्या वर्षी मी इथेच थांबलो आणि घरीच बनवायचं ठरवून टाकलं.

भाव विचारताना एक गोष्ट पक्की विचारा: होल कशाने पाडणार? दुसऱ्या वर्षी मला एका पुरवठादाराने ६८ रुपये भाव दिला. मी खुश होऊन १८० प्लेटा मागवल्या. माल आला, हेल्परने पहिली प्लेट घेतली आणि म्हणाला, "भाऊ, बोल्ट वरून जाते, पण खालून नाही निघून राह्यला." व्हर्निअर लावून पाहिलं. होल वरच्या बाजूला १७ होता, खालच्या बाजूला १६ पेक्षाही कमी. त्या प्लेटा लेझरने नाही, प्लाझ्माने कापलेल्या होत्या, आणि प्लाझ्माचा लहान होल खाली निमुळता होत जातो. आम्ही म्हटलं, ड्रिल फिरवून मोठा करू. दोन बिट जळाले. हवेवर चालणाऱ्या प्लाझ्माने कापलेली कोर कडक होते, कारण हवेतला नायट्रोजन तापलेल्या लोखंडात शिरतो. साधा बिट त्या कडक थरावर घसरतो आणि जळतो. शेवटी गोल दगडाने एकेक होल आतून घासावा लागला. दोन दिवस त्यातच गेले.

पुरवठादाराने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मी त्याला फक्त "होल १७" असं लिहून दिलं होतं. आता ऑर्डरवर लिहितो: होल लेझरचा किंवा ड्रिलचा, १६ एमएमचा बोल्ट दोन्ही बाजूंनी हाताने आरपार गेला पाहिजे. आणि दोन होलांचं अंतर लिहिताना ते मध्यापासून मध्यापर्यंत आहे हे अक्षरात लिहितो. हाताने काढलेल्या चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर समोरचा ते अंतर काठापासूनही मोजू शकतो.

पायरी ५: जो खर्च कसाही होणारच आहे तो खोडा

ही पायरी समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. घरच्या ८६ रुपयांत हेल्परचे ११ रुपये धरले आहेत. पण प्लेटा बाहेरून आणल्या म्हणून मी हेल्परला दहा दिवस घरी बसवणार आहे का? नाही. तो बारमाही आहे, त्याचा पगार दोन्हीकडे जातोच. मग निर्णय घेताना तो खर्च घरच्या बाजूला धरायचा नाही. शेडचं भाडं, ड्रिल मशीनवर आधीच गेलेले पैसे, हेही धरायचे नाहीत. प्लेट कुठेही बनली तरी त्यांत बदल होत नाही.

तो खोडल्यावर घरची प्लेट ७५ रुपयांना पडते. बाहेरची ९९. फरक २४ रुपये, ५४० प्लेटांना जवळपास तेरा हजार. घरचं पारडं आणखी जड झालं.

हेल्पर रोजंदारीवर असेल, म्हणजे काम असलं तर बोलावता आणि नसलं तर नाही, तर मात्र त्याचे ११ रुपये धरलेच पाहिजेत. एक प्रश्न विचारला की झालं: ही वस्तू मी बाहेरून आणली तर हा रुपया माझ्या खिशात राहील का? राहत असेल तर तो खर्च मोजायचा.

(विक्रीचा भाव ठरवताना हे करू नका. कल्टिव्हेटरच्या किमतीत हेल्परचा पगार आणि भाडं निघालंच पाहिजे. खोडायचं ते फक्त घरी की बाहेर हा निर्णय घेताना.)

पायरी ६: तो वेळ कोणाकडून काढून घेताय?

आता मे महिन्यात या. आमच्याकडे कल्टिव्हेटरची मागणी एप्रिलपासून चढते आणि मृग लागेपर्यंत, म्हणजे ७ जूनच्या सुमारापर्यंत, दुकानासमोर माणसं उभी असतात. दुपारी एक ते चार टिनाखाली उभं राहवत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री काम चालतं. वेल्डर आणि हेल्पर जोडीने काम केलं तर दोन दिवसांत एक कल्टिव्हेटर उतरतं. दहा दिवसांत पाच.

पहिल्या वर्षी आम्ही याच दिवसांत प्लेटा घरी बनवल्या. हेल्पर दहा दिवस ड्रिलवर गेला. वेल्डर एकटा पडला. दोनशे किलोच्या वरचा सांगाडा एकट्याने उलटवता येत नाही. प्रत्येक वेळी हेल्परला हाक, मग ड्रिल बंद, मग परत सुरू. त्या दहा दिवसांत पाचाऐवजी दोनच कल्टिव्हेटर पूर्ण झाले. एका शेतकऱ्याला मी चार दिवस थांबा म्हटलं. तो म्हणाला, "मिरग लागाले आठ दिस राह्यले, थांबू कसा?" आणि तो गेला. त्याच्यासकट तीन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

एक कल्टिव्हेटर विकलं की त्याचं लोखंड, फाळ, बोल्ट, वेल्डिंग रॉड, रंग हे सगळं वजा करून सात हजार हाती राहतात. त्यातूनच पगार, भाडं, लाईट आणि आमचं घर चालतं. तीन गेली म्हणजे एकवीस हजार गेले. वाचवले होते तेरा हजार. प्लेट घरी बनवून मी आठ हजारांचं नुकसान करून घेतलं, आणि ते वहीत कुठेच दिसलं नाही, कारण न झालेली विक्री कोणी वहीत लिहीत नाही.

म्हणून दुकानात नेमकं अडतं कुठे ते आधी शोधा. आमच्याकडे जोडीचा वेळ अडतो. वेल्डर माल यायची वाट पाहत थांबलाय, की वेल्डरच्या पुढे कामाची रांग आहे, हे दोन दिवस नुसतं उभं राहून पाहिलं की कळतं. ज्या माणसापुढे किंवा मशीनपुढे काम साचतं, त्याचा एक तास म्हणजे पूर्ण दुकानाचा एक तास. घरी बनवायची वस्तू त्याच माणसाचा तास खात असेल तर त्या तासाला पगाराचा दर लावू नका, हुकलेल्या विक्रीचा लावा. आणि ती वस्तू दुसऱ्या कोणाचा, रिकामा असलेल्या माणसाचा वेळ घेत असेल, तर त्या तासाला काहीच लावू नका.

इथे एक सावधगिरी. गिऱ्हाईक खरंच परत जातं की आठ दिवस थांबून घेऊन जातं, हे प्रामाणिकपणे पाहा. थांबत असेल तर विक्री हुकली नाही, पुढे गेली. गेट-ग्रिलवाला थांबतो. पेरणीआधी अवजार हवं असलेला थांबत नाही.

आता तोच हिशेब जानेवारीत करा. संक्रांतीच्या आसपास आमच्याकडे हेल्परच्या हाताला रोज पुरेल एवढं काम नसतं. तो ड्रिलवर गेला तर कोणाचंच काही अडत नाही. मग प्लेट ७५ लाच पडते. फक्त माल मेपर्यंत पडून राहणार. ५४० प्लेटांत साधारण साडेचाळीस हजार गुंततात. आम्ही उसने घेतलेल्या पैशाला महिन्याला दीड टक्का धरतो. चार महिन्यांचे चोवीसशे. तेरा हजारांतून ते गेले तरी साडेदहा हजार वाचतात.

म्हणजे तीच प्लेट, तेच मशीन, तोच माणूस. जानेवारीत घरी बनवणं बरोबर आणि मेमध्ये बाहेरून आणणं बरोबर. "ही वस्तू आम्ही घरीच बनवतो" असं एकदाच ठरवून टाकण्यात काही अर्थ नाही हे मला इथे कळलं.

नोंदणी असलेल्यांसाठी फरक थोडा कमी होतो. कर वगळून बाहेरची प्लेट ८४ आणि घरची ६४, म्हणजे ५४० प्लेटांना १०,८०० रुपये. हंगामात त्यांनी घरी बनवायचा विचार आणखी जपून करावा.

पायरी ७: बदलायचा भाग आणि न दिसणारा गुण

पैशाचा हिशेब एका बाजूला लागला तरी दोन गोष्टी तो उलटवू शकतात.

पहिली, हा भाग शेतकरी पुढे बदलणार आहे का? शेतात दगड लागला की प्लेट वाकते. पुढच्या वर्षी तो वाकलेली प्लेट हातात घेऊन येतो आणि त्याला तिथल्या तिथे दुसरी हवी असते. आम्ही सुरुवातीला होलांची खूण पट्टीने आणि खडूने करायचो. प्रत्येक प्लेट मिलिमीटर दोन मिलिमीटरने वेगळी. त्याच कल्टिव्हेटरवर बसायची, कारण फणालाही तसाच होल मारलेला असायचा. पण नवी प्लेट दिली की बोल्ट जाईना. घरी बनवायचं असेल तर आधी फर्मा करा. आमचा फर्मा म्हणजे १२ एमएमची एक प्लेट, तिला लेथवाल्याकडून बसवून घेतलेले दोन कडक बुश, आणि दोन बाजूंना अडसर. नवी प्लेट अडसराला टेकवायची, पकडायची आणि बुशमधून ड्रिल उतरवायचं. खूण करणंही वाचतं. बुश झिजले की होल सरकायला लागतात, म्हणून दर शंभर प्लेटांनंतर एक प्लेट पहिल्या प्लेटवर ठेवून दोन्ही होलांतून बोल्ट घालून पाहतो. फर्मा करण्याची तयारी नसेल तर बदलायचा भाग बाहेरूनच घ्या.

दुसरी, जो गुण डोळ्यांना दिसत नाही तो घरी सांभाळता येतो का? फाळाचंच घ्या. ट्रकच्या जुन्या कमानी पाट्याचे फाळ बरेच जण करतात, आणि जुन्या जाणत्या लोहाराच्या हातचा फाळ चांगलाही असतो. पण ते लोखंड तापवलं की त्याचा मूळचा कडकपणा जातो आणि तो परत आणायला किती तापवायचं, कशात विझवायचं, नंतर किती नरम करायचं, हे नेमकं साधावं लागतं. कडकपणा कमी पडला तर फाळ एका हंगामात झिजतो, जास्त झाला तर दगडावर तुटतो. दुकानात उभं राहून दोन्ही फाळ सारखेच दिसतात. आम्ही फाळ कधीच घरी करत नाही, रिकाम्या महिन्यातही नाही. बेअरिंग आणि बोल्टही तसेच. ज्या वस्तूतली चूक वेल्डिंग करताना हाताने सुधारता येते ती वस्तू घरी ठेवा. मुख्य सांगाडा तर कधीच बाहेर देऊ नका, सगळी मापं त्याच्यावर बसतात.

अर्धं घरी, अर्धं बाहेर

सगळी वस्तू इकडे की सगळी तिकडे, असंच असावं लागत नाही. आमच्या सात मिनिटांतली साडेचार ड्रिलमध्ये जातात. पट्टी घरी कापून ड्रिलिंग तालुक्यातल्या लेथवाल्याला जॉब वर्कने दिलं तर मोठा वेळ मोकळा होतो आणि माल आपल्याच ताब्यात राहतो. उलट, कापाई बाहेर देऊन ड्रिलिंग घरी ठेवलं तर दीडच मिनिट वाचतं, त्यात फार राम नाही. कोणता तुकडा बाहेर द्यायचा हे वीस नगांचं घड्याळ सांगतं.

पंचिंग मशीन घ्यावी का, असं मला बरेच नवीन लोक विचारतात. १० एमएमच्या प्लेटमध्ये १७ चा होल पाडायला वीसेक टनाचा जोर लागतो, म्हणजे त्याच्या वरची मशीन हवी. ती वर्षातून ५४० प्लेटांसाठी तीन-चार दिवस चालेल आणि बाकीचे दिवस हप्ता मागेल. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या उद्योग-कर्ज योजनेत ग्रामीण भागाला २५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण उरलेला बहुतेक पैसा कर्जच असतो. मशीनला वर्षभराचं काम कुठून येणार हे आधी लिहून काढा. आजूबाजूची दुकानंही आपले होल तुमच्याकडून पाडून घेणार असतील तर गोष्ट वेगळी.

पायरी ८: बाहेर दिलं तर तारीख उलटी मोजा

बाहेरवाला "दोन दिवसांत देतो" म्हणतो, आणि आमच्या अनुभवात ते आठ दिवस होतात. मे महिन्यात त्याच्याकडेही रांग असते, कारण आपल्यासारखे दहा जण त्याच्याकडे त्याच वेळी येतात. म्हणून ज्या दिवशी पहिली प्लेट वेल्डरला लागणार, तिथून पंधरा दिवस मागे या आणि त्या दिवशी ऑर्डर द्या. दुकानात एका कल्टिव्हेटरच्या अठरा प्लेटा कायम राखून ठेवा, गाडी अडकली तरी वेल्डर थांबत नाही.

पहिल्यांदा घेताना पूर्ण माल मागवू नका. आधी अठरा मागवा आणि त्या एका कल्टिव्हेटरवर प्रत्यक्ष बसवून पाहा. पूर्ण माल आल्यावर टेम्पो उभा असतानाच गठ्ठ्यातून वीसेक प्लेटा वेगवेगळ्या जागांवरून काढा. बोल्ट दोन्ही बाजूंनी घाला, फर्म्यावर ठेवा, जाडी व्हर्निअरने मोजा आणि दहा प्लेटा एकत्र तोला. आमच्या मापाच्या दहा प्लेटा होल वजा जाऊन साडेआठ किलोच्या आसपास भरतात. आठच्या जवळ आल्या तर चादर पातळ लागली आहे. पूर्ण पैसे ही तपासणी झाल्यावर द्या, आणि ही अट भाव ठरवतानाच सांगून ठेवा, टेम्पो दारात आल्यावर नाही.

आमचं या वर्षीचं ठरलं आहे ते असं. वीस कल्टिव्हेटरच्या ३६० प्लेटा जानेवारीत फर्म्यावर घरी काढायच्या, रेड ऑक्साईड मारून रचून ठेवायच्या. तीसच्या तीस आधीच बनवायच्या नाहीत, कारण कापूस आणि सोयाबीनला भाव कसा मिळाला यावर मेमधलं गिऱ्हाईक ठरतं आणि ते जानेवारीत पूर्ण कळत नाही. मार्चच्या शेवटी बुकिंग मोजायचं. वीसच्या वर जात असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या १८० ची ऑर्डर लेझरवाल्याला द्यायची, ९९ रुपयांनी का होईना, आणि हेल्परला ड्रिलकडे फिरकू द्यायचं नाही.